पॅराबोलाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना डेरिव्हेटिव्हमध्ये नेमकं काय घालायचं?

प्रश्न: सर, y = x² − 2x + 3 या पॅराबोलाला (2, −1) या बिंदूतून जाणाऱ्या स्पर्शिका काढायच्या आहेत. मी dy/dx = 2x − 2 मध्ये x = 2 घालून चढ 2 काढला आणि y + 1 = 2(x − 2), म्हणजे y = 2x − 5 असं उत्तर लिहिलं. पुस्तकात दोन स्पर्शिका दिल्या आहेत आणि त्यांत माझी रेषा नाहीच. डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे, बिंदू बरोबर घातलाय, मग चुकतंय कुठे?

उत्तर:

आधी तुझी रेषा पॅराबोलाला खरंच शिवते का ते बघू. ती तपासणी दोन ओळींची आहे. y च्या जागी 2x − 5 घाल:

x² − 2x + 3 = 2x − 5
x² − 4x + 8 = 0

याचा विवेचक 16 − 32 = −16. ऋण आला, म्हणजे रेषा आणि वक्र कुठेच भेटत नाहीत. तुझी रेषा पॅराबोलाच्या खालून जाते आणि त्याला स्पर्शही करत नाही. स्पर्शिका असती तर विवेचक शून्य आला असता. कोणतीही स्पर्शिका काढल्यावर ही तपासणी करायची सवय ठेव, कारण तिला उत्तरपत्रिकेची गरज लागत नाही.

आता चूक कुठे झाली ते बघू. 2x − 2 हे सूत्र पॅराबोलावरच्या बिंदूपाशी चढ किती हे सांगतं. त्यात x = 2 घातलंस तेव्हा तुला वक्रावरच्या (2, 3) या बिंदूपाशीचा चढ मिळाला. (2, −1) हा बिंदू वक्रावर नाहीच, तो त्याच उभ्या रेषेवर चार एकक खाली आहे. तू चढ एका बिंदूचा घेतलास आणि रेषा दुसऱ्याच बिंदूतून नेलीस. दोन्ही बिंदूंचा x सारखा असल्यामुळे ही अदलाबदल कागदावर दिसत नाही. वर्गात ही चूक फार वेळा दिसते, आणि डेरिव्हेटिव्ह चांगला येणारी मुलंच ती जास्त करतात, कारण हात आपोआप तिकडे वळतो.

या प्रकारच्या गणितात खरा अज्ञात एकच असतो: रेषा वक्राला कुठे शिवते. दिलेला बिंदू फक्त एवढंच सांगतो की रेषा इथून गेली पाहिजे. म्हणून स्पर्शबिंदूच्या x ला स्वतंत्र अक्षर दे. मी t घेतो. x हेच अक्षर वापरलंस तर पुढच्या ओळीत रेषेचा x आणि स्पर्शबिंदूचा x यांची गल्लत होणार.

स्पर्शबिंदू (t, t² − 2t + 3). तिथला चढ 2t − 2. म्हणून तिथली स्पर्शिका:

y = (t² − 2t + 3) + (2t − 2)(x − t)

कंस सोडवून गोळा केलं की:

y = (2t − 2)x − t² + 3

इथपर्यंत (2, −1) चा काहीच संबंध आलेला नाही. ही पॅराबोलाच्या सगळ्या स्पर्शिकांची यादी आहे. t बदल, स्पर्शिका बदलते. आता या यादीतून आपल्या बिंदूतून जाणाऱ्या तेवढ्या निवडायच्या. x = 2, y = −1 घाल:

−1 = 4t − 4 − t² + 3
t² − 4t = 0

t = 0 किंवा t = 4. वर्गसमीकरण आलं म्हणून दोन स्पर्शिका. t = 0 घेतलं तर स्पर्शबिंदू (0, 3), चढ −2, रेषा y = −2x + 3. t = 4 घेतलं तर स्पर्शबिंदू (4, 11), चढ 6, रेषा y = 6x − 13. दोन्हींत x = 2 घालून बघ, y = −1 च येतो. पुस्तकातली उत्तरं हीच असणार.

गणित इथे सुटलं. पण याच आकडेमोडीच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे, ती एकदा दिसली की अशी गणितं तोंडी होतात. ती दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

वक्र आणि t पाशीची स्पर्शिका यांच्यात एखाद्या x ला उभं अंतर किती आहे ते काढू. पॅराबोला y = ax² + bx + c असा सर्वसाधारण घेऊ आणि त्याला f(x) म्हणू. आधी वक्रावरच्या दोन बिंदूंमधला फरक:

f(x) − f(t) = a(x² − t²) + b(x − t) = (x − t)[a(x + t) + b]

स्पर्शिका t पासून x पर्यंत (2at + b)(x − t) एवढी चढते. तेवढं वजा केलं की कंसात a(x + t) + b − 2at − b = a(x − t) उरतं. म्हणजे

वक्र − स्पर्शिका = a(x − t)²

यात b आणि c गायब झाले. पॅराबोला कुठेही सरकवलेला असो, स्पर्शबिंदूपासून आडवं जेवढं दूर जाऊ त्याच्या वर्गाच्या a पट वक्र स्पर्शिकेपासून सुटतो. स्पर्शबिंदू डावीकडे असो वा उजवीकडे, शिरोबिंदूजवळ असो वा दूर, नियम तोच.

आता दिलेला बिंदू P(p, q) स्पर्शिकेवर आहे असं म्हणायचं तर x = p ला स्पर्शिकेची उंची q हवी. वक्राची उंची तिथे f(p). म्हणून

f(p) − q = a(p − t)²

आणि यातून

t = p ± √[ (f(p) − q) / a ]

तुझ्या गणितात f(2) = 3, q = −1, फरक 4, a = 1. वर्गमूळ 2. म्हणून t = 2 ± 2, म्हणजे 0 आणि 4. एवढंच.

हे सूत्र पाठ करावं असा माझा आग्रह नाही, पण ते काय सांगतंय ते नीट वाच. स्पर्शबिंदू P च्या दोन्ही बाजूंना सारख्याच आडव्या अंतरावर असतात. म्हणजे दोन स्पर्शबिंदूंच्या x ची सरासरी नेहमी p येणार. उत्तर तपासायला यापेक्षा सोपी कसोटी नाही: 0 आणि 4 ची सरासरी 2, बरोबर. परीक्षेत t ची दोन मुळं आली आणि त्यांची सरासरी p आली नाही, तर मागे जाऊन चिन्ह तपास. बहुतेक वेळा कंस सोडवताना −t² चं चिन्ह चुकलेलं असतं.

दुसरं म्हणजे बिंदू 'बाहेर' आहे याचा नेमका अर्थ इथे कळतो. (f(p) − q)/a धन असेल तर बिंदू बाहेर आणि स्पर्शिका दोन. शून्य असेल तर बिंदू वक्रावरच आणि स्पर्शिका एक. ऋण असेल तर बिंदू वक्राच्या पोटात आणि स्पर्शिका एकही नाही. इथे a ने भागायला विसरू नकोस. बरीच मुलं 'बाहेर म्हणजे खाली' असं धरून चालतात. ते वर उघडणाऱ्या पॅराबोलापुरतंच खरं आहे. y = −x² + 4 आणि (1, 7) घेऊन बघ. f(1) = 3, फरक 3 − 7 = −4, आणि a = −1 ने भागलं की +4. म्हणून t = 1 ± 2, म्हणजे 3 आणि −1. स्पर्शिका y = −6x + 13 आणि y = 2x + 5. बिंदू वक्राच्या वर असूनही बाहेर आहे, कारण वक्र खाली उघडतो.

आकडे असे सरळ नसले तरी पद्धत तीच राहते. समजा y = 2x² + 3x − 1 आणि बिंदू (1, −2). f(1) = 4, फरक 6, भागिले 2 म्हणजे 3. t = 1 ± √3. इथे मुलं एक नको ते काम अंगावर घेतात: t ची ही किंमत मूळ समीकरणात घालून स्पर्शबिंदूचा y काढत बसतात, आणि √3 चे वर्ग करताना कुठेतरी घसरतात. त्याची गरजच नाही. चढ 4t + 3 = 7 ± 4√3, आणि रेषा ज्या बिंदूतून जाते तो एक बिंदू आपल्याला आधीपासून माहीत आहे, तो म्हणजे दिलेला. म्हणून थेट लिही:

y + 2 = (7 ± 4√3)(x − 1)

स्पर्शबिंदू विचारला असेल तरच त्याचा y काढायचा. इथे आणखी एक छोटी कसोटी आहे. दोन चढांची सरासरी 7, आणि f′(1) = 4 + 3 = 7. हे जुळणं योगायोगाने घडलेलं नाही, आणि तुझ्या चुकीच्या उत्तराशी त्याचा थेट संबंध आहे.

तू काढलेला चढ 2 होता. खऱ्या स्पर्शिकांचे चढ −2 आणि 6, त्यांची सरासरी 2. आता दोन स्पर्शबिंदू जोडणारी जीवा घे: (0, 3) पासून (4, 11) पर्यंत. तिचा चढ 8/4 = 2. म्हणजे तुझा चढ त्या जीवेचा आहे! डेरिव्हेटिव्ह 2x − 2 एकसारख्या वेगाने वाढतं, म्हणून p च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या चढांची सरासरी f′(p) येते, आणि जीवेचा चढही तोच येतो.

तीन रेषा एकाखाली एक लिहून बघ:

y = 2x + 3 (स्पर्शबिंदू जोडणारी जीवा)
y = 2x − 1 (वक्रावरच्या (2, 3) पाशीची स्पर्शिका)
y = 2x − 5 (तू लिहिलेली, P मधून जाणारी)

तिन्ही समांतर, आणि 3, −1, −5 यांत दर वेळी चारचा फरक. मधली स्पर्शिका बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आहे. x = 2 या उभ्या रेषेवर पाहिलं तर जीवा 7 वर, वक्र 3 वर आणि P −1 वर. वक्र P आणि जीवेच्या मध्यबिंदूच्या बरोबर अर्ध्यावर येतो. हे याच आकड्यांपुरतं नाही, कोणत्याही पॅराबोलाला आणि बाहेरच्या कोणत्याही बिंदूला लागू आहे. a(x − t)² या सूत्रावरून सिद्ध करता येतं, करून बघ.

हे गुणधर्म ग्रीकांना पक्के माहीत होते. आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात पॅराबोला आणि त्याची जीवा यांच्यामधलं क्षेत्रफळ काढलं ते यांच्याच आधाराने. त्याचा निष्कर्ष असा की ते क्षेत्रफळ आतल्या त्रिकोणाच्या 4/3 पट असतं. तो त्रिकोण म्हणजे जीवेची दोन टोकं आणि जीवेला समांतर असलेली स्पर्शिका जिथे शिवते तो बिंदू. आपल्या आकड्यांत बघू. आतला त्रिकोण (0, 3), (4, 11), (2, 3). x = 2 ला उभी उंची 7 − 3 = 4, आडवी रुंदी 4, क्षेत्रफळ ½ × 4 × 4 = 8. त्याचे 4/3 म्हणजे 32/3. इंटिग्रेशनने बघायचं तर ∫(4x − x²)dx, 0 ते 4, म्हणजे 32 − 64/3 = 32/3. जुळलं. आणि P घेऊन झालेल्या मोठ्या त्रिकोणाची उभी उंची 7 − (−1) = 8, क्षेत्रफळ 16. म्हणजे दोन स्पर्शिका आणि जीवा यांच्या त्रिकोणाचा दोन तृतीयांश भाग पॅराबोला व्यापतो. बारावीत 'वक्र आणि त्याच्या दोन स्पर्शिका यांनी वेढलेलं क्षेत्रफळ' असा प्रश्न आला तर उरलेला एक तृतीयांश, म्हणजे 16/3, इंटिग्रेशन न करताही कळेल.

जीवेचा विषय निघालाच आहे तर आणखी एका फसव्या जागेबद्दल सांगतो. वक्रावरच्या (x₁, y₁) पाशी स्पर्शिका लिहायचा एक झटपट नियम शिकवतात: समीकरणात x² च्या जागी x·x₁, x च्या जागी (x + x₁)/2, y च्या जागी (y + y₁)/2 घालायचं. तो T = 0 या नावाने ओळखला जातो. बाहेरच्या बिंदूसाठीही तो वापरून पाहू:

(y − 1)/2 = 2x − (x + 2) + 3

सोपं केलं की y = 2x + 3. ही आपली जीवा आली, स्पर्शिका नाही. बिंदू वक्रावर असेल तर T = 0 स्पर्शिका देतं, बाहेर असेल तर दोन स्पर्शबिंदू जोडणारी रेषा देतं. सूत्र तेच, अर्थ वेगळा, आणि घाईत हे लक्षात येत नाही. ओळखायचं कसं? आलेली रेषा दिलेल्या बिंदूतून जाते का ते बघ. y = 2x + 3 मध्ये x = 2 घातलं तर 7 येतात, −1 नाही. म्हणजे ही रेषा उत्तर असूच शकत नाही. उत्तर म्हणून ती चुकीची असली तरी ती उपयोगी आहे: तिला पॅराबोलाशी छेदलं की स्पर्शबिंदू मिळतात. x² − 2x + 3 = 2x + 3 वरून पुन्हा x = 0 आणि 4.

विवेचकाची पद्धत तुला माहीत असेलच: y + 1 = m(x − 2) घ्यायचं, पॅराबोलात घालायचं आणि विवेचक शून्य करायचा. आपल्या गणितात

x² − (2 + m)x + (4 + 2m) = 0
(2 + m)² − 4(4 + 2m) = m² − 4m − 12 = 0

म्हणून m = 6 किंवा −2. डेरिव्हेटिव्ह लागत नाही, आणि चढच विचारला असेल तर ही पद्धत बरी. पण ती गृहीत धरते की रेषेला चढ आहे, म्हणजे रेषा उभी नाही. y = ax² + bx + c या प्रकारात ते नेहमी खरं असतं. आडव्या पॅराबोलात मात्र हे गृहीतक कधी कधी मोडतं, आणि गंमत अशी की मोडलेलं कळतही नाही.

y² = 4x आणि बिंदू (0, 2) घे. पुस्तकातलं सूत्र असं: y² = 4ax ला चढ m असलेली स्पर्शिका y = mx + a/m. इथे a = 1. बिंदू घातला की 2 = 0 + 1/m, m = ½, आणि स्पर्शिका y = x/2 + 2. ती (4, 4) पाशी शिवते. इथे विद्यार्थी थांबतो आणि 'एकच स्पर्शिका आहे' असं लिहून मोकळा होतो.

पण बाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका असायलाच हव्यात. बिंदू बाहेर आहे का? y₁² − 4x₁ = 4, धन, म्हणजे बाहेर. मग दुसरी गेली कुठे? सूत्र m ने गुणून नीट लिहू:

m²x₁ − m·y₁ + a = 0

हे m मधलं वर्गसमीकरण आहे, पण x₁ = 0 झालं की m² चं पद नाहीसं होतं आणि समीकरण एकघाती उरतं. जे मूळ हरवलं ते अनंत चढाचं, म्हणजे उभ्या रेषेचं. x = 0, खुद्द y-अक्ष, या पॅराबोलाला शिरोबिंदूपाशी शिवतो आणि (0, 2) मधून जातो. तीच दुसरी स्पर्शिका.

म्हणून नियम असा ठेव: m मधल्या वर्गसमीकरणाचा m² चा सहगुणक शून्य झाला तर एक उभी स्पर्शिका निसटली आहे, ती हाताने लिही. किंवा त्याहून बरं, इथेही स्पर्शबिंदूलाच अज्ञात मान. y² = 4x वरचा बिंदू (t², 2t), तिथली स्पर्शिका ty = x + t². (0, 2) घातलं की 2t = t², म्हणून t = 0 आणि t = 2. t = 0 वरून x = 0, t = 2 वरून 2y = x + 4. दोन्ही आल्या, काही निसटलं नाही. मी स्वतः नेहमी हीच वाट धरतो. इथे सरासरीची कसोटी y ला लागते: स्पर्शबिंदूंचे y 0 आणि 4, सरासरी 2, आणि दिलेल्या बिंदूचा y₁ ही 2.

याच्या उलट दिशेची चूकही होते. 'रेषा वक्राला एकाच बिंदूत भेटते म्हणजे स्पर्शिका' अशी व्याख्या डोक्यात बसलेली असते. वर्तुळाला ती चालते, पॅराबोलाला नाही. तुझ्या गणितात x = 2 ही उभी रेषा P मधून जाते आणि पॅराबोलाला फक्त (2, 3) मध्ये भेटते, तरी ती स्पर्शिका नाही; ती वक्राला आरपार छेदून आत जाते. पॅराबोलाच्या अक्षाला समांतर असलेली प्रत्येक रेषा अशीच वागते. स्पर्शिकेसाठी वर्गसमीकरणाची दोन मुळं एकरूप व्हायला हवीत. समीकरण मुळातच एकघाती होऊन एक मूळ आलं तर ते त्यात मोजायचं नाही.

आता शेवटी कंपास आणि पट्टीची रचना सांगतो, कारण दोनच स्पर्शिका का येतात हे तिच्यात डोळ्यांनी दिसतं. पॅराबोलाची मूळ व्याख्या आठव: फोकसपासून आणि डायरेक्ट्रिक्सपासून सारख्या अंतरावर असलेल्या बिंदूंचा संच. आपला पॅराबोला y = (x − 1)² + 2. शिरोबिंदू (1, 2), 1/(4a) = ¼, म्हणून फोकस F(1, 2.25) आणि डायरेक्ट्रिक्स y = 1.75.

पॅराबोलावर कोणताही बिंदू T घे आणि त्यापासून डायरेक्ट्रिक्सवर लंब टाक, लंबपाद D. व्याख्येने TF = TD. म्हणून T हा रेषाखंड FD च्या लंबदुभाजकावर आहे. या लंबदुभाजकावर T सोडून दुसरा कोणताही बिंदू X घे. XF = XD आहेच, पण D हा X चा लंबपाद नाही, म्हणून XD हे X च्या डायरेक्ट्रिक्सपासूनच्या अंतरापेक्षा मोठं. म्हणजे X फोकसपासून जास्त दूर आणि डायरेक्ट्रिक्सला जास्त जवळ, अर्थात पॅराबोलाच्या बाहेर. लंबदुभाजकाचा T एवढा एकच बिंदू वक्रावर आणि बाकी सगळे बाहेर, म्हणून तीच T पाशीची स्पर्शिका.

आता P मधून जाणारी स्पर्शिका हवी. P त्या लंबदुभाजकावर असेल तर PF = PD. म्हणून P केंद्र आणि PF त्रिज्या घेऊन वर्तुळ काढायचं. ते डायरेक्ट्रिक्सला जिथे छेदेल ते D. आपल्या आकड्यांत PF² = 1² + 3.25² = 11.5625. P पासून डायरेक्ट्रिक्सचं अंतर 2.75, त्याचा वर्ग 7.5625. फरक 4, वर्गमूळ 2. म्हणून D₁(0, 1.75) आणि D₂(4, 1.75). त्यांच्यावर उभ्या रेषा उभारल्या की त्या पॅराबोलाला (0, 3) आणि (4, 11) मध्ये भेटतात. बीजगणितातले 0 आणि 4 इथे वर्तुळाच्या छेदनबिंदूंतून आले. D₁ साठी पडताळा घे: FD₁ चा मध्यबिंदू (0.5, 2), FD₁ चा चढ ½, म्हणून लंबदुभाजकाचा चढ −2, आणि रेषा y = −2x + 3.

वर्तुळ डायरेक्ट्रिक्सला दोनदा कधी छेदेल? त्रिज्या PF ही P च्या डायरेक्ट्रिक्सपासूनच्या अंतरापेक्षा मोठी असेल तेव्हा. आणि बिंदू पॅराबोलाबाहेर असणं म्हणजे नेमकं हेच. P वक्रावर असला तर वर्तुळ डायरेक्ट्रिक्सला नुसतं शिवतं, आत असला तर पोचतच नाही.

कागदावर काढताना आलेखकागद घे, आणि अक्षांवर प्रमाण सारखं ठेव. y-अक्षावर जागा वाचवायला प्रमाण बदललंस तर वर्तुळ खरं राहत नाही आणि रचना चुकते. (4, 11) बसवण्यासाठी मुलं हमखास तसं करतात. तेवढी जागा नसेल तर D₂ वरून लंबदुभाजक काढून थांब, स्पर्शबिंदू कागदाबाहेर गेला तरी चालेल, स्पर्शिका तरीही बरोबर मिळते.

आणि P मुद्दाम डायरेक्ट्रिक्सवरच घेऊन ही रचना एकदा कर. मग वर्तुळाचं केंद्रच डायरेक्ट्रिक्सवर आहे, म्हणून D₁D₂ हा व्यास होतो. F वर्तुळावर आहे, अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणून FD₁ आणि FD₂ परस्परांना लंब. दोन स्पर्शिका अनुक्रमे या दोघींना लंब, म्हणून त्याही परस्परांना लंब. डायरेक्ट्रिक्सवरच्या कोणत्याही बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका एकमेकींशी काटकोन करतात हा जो गुणधर्म सीईटीला नुसता पाठ केला जातो, त्याची सिद्धता एवढीच आहे.